कार्ड ज्याच्या हातात, त्याने गप्प कसं बसावं

प्रश्न: माझी बायको नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करतेय. रोज रात्री मी तिला प्रश्न विचारतो, पण दहाव्या-बाराव्या प्रश्नापर्यंत आमचं वाजलेलं असतं. 'तू मला ढ ठरवतोस,' असं ती म्हणते. मी तर फक्त कार्डावरचं वाचतो! माझं नेमकं काय चुकतंय? पुढे धाकट्या भावाचीही तयारी घ्यायची आहे, त्यालाही हेच चालेल का?

उत्तर:

'मी फक्त वाचतो' म्हणालात, गोम तिथेच आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला उत्तर लिहिलेलं असतं आणि ते फक्त तुम्हाला दिसत असतं. उत्तर डोळ्यांसमोर असलं की कुठलाही प्रश्न सोपा वाटतो. तुम्ही वैद्यकशास्त्र शिकलेला नसलात तरी 'हेपॅरिनचा अँटिडोट', म्हणजे त्यावरचा उतारा, वाचताना खाली 'प्रोटामाइन सल्फेट' दिसतं आणि मनात येतं, एवढंसं तर आहे, आठवायला काय झालं? ते तुम्ही बोलत नाही, पण तुमच्या श्वासातून, भुवईतून, कार्ड किंचित हलवण्यातून ते बाहेर पडतं. तिला तेच ऐकू येतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात 1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने याची मजेदार चाचणी घेतली होती. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याच्या कानावर नुसती टकटक पडते. रात्री कार्ड धरून बसल्यावर तुमच्या दोघांमध्ये नेमकं हेच अंतर असतं. मी गेली कित्येक वर्षं नर्सिंगच्या उमेदवारांची तयारी घेते आहे. घरच्यांशी झालेल्या भांडणांच्या ज्या कहाण्या माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बहुतेक चुकीच्या उत्तरावरून सुरू झालेल्या नसतात. उत्तर चुकल्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत काहीतरी घडलेलं असतं.

म्हणून मी सगळं बाजूला ठेवून त्या काही सेकंदांबद्दलच बोलते.

आधी प्रश्न विचारून झाल्यानंतरची शांतता. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. हीच वाट पाहणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, 'माहीत नाही' कमी झालं. घरात तर आपण एक सेकंदही देत नाही. 'अगं, काल केलं होतंस ना...' हे सेकंदभरात आपल्या तोंडून गेलेलं असतं. ते तुम्हाला मदत वाटते. तिला ते 'काल येत होतं, आज विसरलीस' असं ऐकू येतं.

पण शांतता अमर्यादही नको. उत्तर जिभेवर आहे पण येत नाही, अशा अवस्थेत माणसाला ताटकळत ठेवलं तर ती अडकण्याची वाटच पक्की होते. 2008 मध्ये वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी हे तपासलं होतं. अडकलेल्या शब्दावर ज्यांना 10 सेकंदच झगडू दिलं, त्यांच्यापेक्षा 30 सेकंद झगडत ठेवलेले लोक दोन दिवसांनी त्याच शब्दावर पुन्हा जास्त वेळा अडकले. त्यामुळे माझा हिशोब साधा आहे. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. दहा झाले की उत्तराचं पहिलं अक्षर सांगा. आणखी तीन मोजा. तरी नाही आलं तर उत्तर वाचून दाखवा आणि पुढच्या कार्डाकडे वळा. मोजणं हा तुमचा उद्योग आहे, तिला ते कळता कामा नये. बोटं वाजवत किंवा घड्याळाकडे बघत मोजलंत तर न मोजलेलंच बरं.

आता उत्तर चुकलं तर काय बोलायचं? जवळजवळ काहीच नाही. 'व्हिटॅमिन के.' बस, फक्त बरोबर उत्तर, प्रश्न विचारला होता त्याच आवाजात. 'चूक', 'नाही', 'अरे देवा' यातलं काहीही आधी नको. तुमचं उत्तर ऐकूनच तिला कळतं की आपलं चुकलं, ते वेगळं सांगायची गरज नसते. 'सोपं होतं ग' हे वाक्य तर पूर्णपणे हद्दपार करा. सोपं म्हटलेलं चुकलं तर अपमान होतो, आणि बरोबर आलं तरी कौतुक होत नाही, कारण सोपंच होतं ना!

यात एक बारकी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही 'नक्की?' कधी म्हणता, ते आठवून बघा. उत्तर चुकलं की म्हणता. बरोबर आलं की लगेच 'हो' म्हणून पुढे जाता. दोन-तीन दिवसांत तिचा मेंदू हे शिकतो की 'नक्की?' म्हणजे चुकलं. मग ती उत्तर बदलते, ते बरोबर येतं, तुम्ही खूष होता आणि ते कार्ड आलेल्यांत जमा होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र 'नक्की?' विचारायला तुम्ही नसता. तीच गत 'आणखी काही?' या प्रश्नाची. ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेच्या कार्डावर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झाइम अशी दोन नावं असतील आणि ती फक्त ॲट्रोपिन म्हणाली, तर 'आणखी?' म्हणणं हा सरळसरळ इशारा झाला. म्हणून हे शब्द एक तर प्रत्येक कार्डाला वापरा, नाहीतर कधीच वापरू नका. मी 'झालं?' हा एकच शब्द ठरवून देते, तो बरोबर, चूक, अर्धवट सगळ्या उत्तरांनंतर सारखाच विचारायचा. ती 'झालं' म्हणाली की कार्ड उलटायचं.

चेहऱ्याचंही तसंच. समोरासमोर बसलात की ती उत्तर आठवत नाही, तुमचा चेहरा वाचते. अर्धं नाव उच्चारते, तुमच्या डोळ्यांत चमक दिसते का बघते, मग पूर्ण करते. त्यामुळे शेजारी बसा, दोघांचं तोंड एकाच दिशेला ठेवा. चालता चालता विचारलंत तर आणखी उत्तम, कारण तेव्हा एकमेकांकडे फारसं बघावंच लागत नाही. पर्यायांचे प्रश्न असतील तर चारही पर्याय सारख्याच सुरात वाचा. बरोबर पर्यायावर आवाज जड होतो, ही खोड वाचणाऱ्याला स्वतःला कळत नाही. त्याहून बरं म्हणजे आधी पर्याय न सांगताच प्रश्न विचारावा, तिचं उत्तर आलं की मग पर्याय वाचावेत.

आता एका जोडप्याची रात्र सांगते, म्हणजे हे सगळं कसं बसतं ते दिसेल. ती नर्सिंगची उमेदवार, तो हिशोबाचं काम करणारा, औषधांतलं काही न कळणारा. विषय औषधांचे अँटिडोट आणि तपासण्या. आधी तो रोज 40-50 कार्डं घ्यायचा, तासभर चालायचं आणि शेवट दार आपटण्यात व्हायचा. आम्ही ते 15 कार्डांवर आणि 20 मिनिटांवर आणलं. 15 पैकी साधारण 9 तिला आधी एकदा तरी आलेली, 6 नवी किंवा काल चुकलेली. सुरुवातीची दोन आलेल्यांपैकी, शेवटचंही आलेल्यांपैकी, अवघड मधे विखुरलेली. हे प्रमाण मी सवयीने ठरवलेलं आहे, शास्त्रीय नियम नव्हे. पण निम्म्याहून जास्त कार्डं चुकू लागली की उमेदवार आठवणं सोडून अंदाज फेकायला लागते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर माझा विश्वास बसला आहे.

बसण्याआधी दोन गोष्टी ठरल्या होत्या. तीन गठ्ठे: आलं, अडकलं, राहिलं. पहिलं अक्षर सांगावं लागलं तर ते कार्ड 'अडकलं'मध्येच जाणार, त्यावर चर्चा नाही. आणि कार्डावर लिहिलेलं व तिने सांगितलेलं यात शब्दांचा फरक असेल तर निवाडा तिने करायचा. तिलाही खात्री नसेल तर ते कार्ड चौथ्या, 'वादाच्या' गठ्ठ्यात टाकायचं आणि शेवटी पुस्तकात बघायचं.

हा निवाड्याचा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण विषय न येणाऱ्या जोडीदारासाठी हीच सगळ्यात मोठी सोडवणूक आहे. त्या रात्री तिसरं कार्ड पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेचं होतं. ती म्हणाली, 'ॲसिटिलसिस्टीन.' कार्डावर 'एन-ॲसिटिलसिस्टीन' होतं. आधीच्या आठवड्यात याच कार्डावर त्याने 'चूक, एन राहिला' म्हटलं होतं. ती म्हणाली होती की तेच औषध आहे, तो म्हणाला होता की इथे असं लिहिलंय, आणि पुढची दहा मिनिटं औषधांवर न जाता एकमेकांच्या स्वभावावर गेली होती. बरोबर तीच होती, दोन्ही नावं एकाच औषधाची आहेत. ज्याला विषय कळत नाही त्याने शब्दांवर अडून बसावं आणि जिला कळतो तिने स्वतःचं ज्ञान सिद्ध करत बसावं, अशी ती गत झाली होती. नवीन नियमाने तो फक्त म्हणाला, 'इथे एन-ॲसिटिलसिस्टीन आहे.' ती म्हणाली, 'तेच ते.' कार्ड 'आलं'मध्ये गेलं.

चौथं कार्ड वॉरफरिनचं होतं. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, 'प्रोटामाइन.' वॉरफरिनला उतारा व्हिटॅमिन के आणि हेपॅरिनला प्रोटामाइन सल्फेट, ही अदलाबदल माझ्या वर्गात जवळजवळ प्रत्येकीची एकदा तरी होते. दोन्ही रक्त पातळ ठेवणारी औषधं, दोन्ही एकाच पानावर शिकलेली, मग गुंता होणारच. तो म्हणाला, 'व्हिटॅमिन के.' दोन-तीन सेकंद गेले. ती स्वतःच म्हणाली, 'म्हणजे प्रोटामाइन हेपॅरिनचं. आणि हेपॅरिनला एपीटीटी बघायची, वॉरफरिनला आयएनआर.' तो गप्प राहिला म्हणून उतारे आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या यांची ही जुळणी तिच्या तोंडून आली. त्याने तिथे 'कालही हेच चुकली होतीस' म्हटलं असतं तर ती बचाव करत बसली असती आणि जुळणी झालीच नसती.

इतक्या आत्मविश्वासाने चूक झाली की आपण घाबरतो, 'हिच्या डोक्यात चुकीचंच पक्कं बसलंय.' वस्तुस्थिती बऱ्याचदा उलट असते. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर, लगेच बरोबर उत्तर कळलं तर, डळमळीत चुकीपेक्षा सहज सुधारतं. माणूस चकित होतो आणि म्हणून लक्ष देतो. पण हा फायदा बरोबर उत्तर शांतपणे कळलं तरच पदरात पडतो. त्या चकित होण्याच्या क्षणी तुम्ही टोमणा मारलात तर लक्ष औषधावर न राहता टोमण्यावर जातं.

ते वॉरफरिनचं कार्ड त्याने बाजूला न टाकता हातातल्या गठ्ठ्यात चार कार्डांखाली सरकवलं. ही पद्धत मी आवर्जून सांगते. चुकलेलं कार्ड लगेच पुन्हा विचारलं तर नुकतंच ऐकलेलं उत्तर परत येतं, त्याला आठवणं म्हणत नाहीत. शेवटी एकदमच विचारलं तर मधे फार काही होऊन गेलेलं असतं. मधे चार-पाच वेगळी कार्डं गेली की उत्तर डोक्याच्या मागच्या खोलीत जातं, पण कुलूप लागत नाही. आणि पुन्हा विचारताना त्याने कार्ड उलटं धरलं: 'व्हिटॅमिन के कशाला उतारा?' गोंधळ होणाऱ्या जोड्या दोन्ही बाजूंनी विचाराव्यात, नाहीतर उमेदवार कार्डाची सुरुवात ऐकूनच उत्तर म्हणते.

सहावं कार्ड मॅग्नेशियम सल्फेटचं. इथे ती खरोखर अडकली. तो मनात मोजत होता, ती कपाळ चोळत होती. दहा झाल्यावर तो म्हणाला, 'कॅ...' आणि ती जवळजवळ ओरडलीच, 'कॅल्शियम ग्लुकोनेट!' कार्ड 'अडकलं'मध्ये गेलं. ती म्हणाली, 'आलं ना मला!' त्याने फक्त गठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि दोघं हसली. नियम आधी ठरलेला नसता तर इथेच ठिणगी पडली असती, कारण ऐनवेळी घेतलेला प्रत्येक निर्णय माणसावर घेतल्यासारखा वाटतो.

विसाव्या मिनिटाला थांबायचं ठरलं होतं. तोवर 15 पैकी 10 आली, 2 अडकली, 3 राहिली. त्याने आकडा सांगितला नाही. तिने विचारलं नाही तर सांगायचाच नाही, आणि टक्क्यांत तर अजिबात नाही. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा असं आढळलं की दिलेल्या प्रतिक्रियांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी सुधारण्याऐवजी बिघडली होती. प्रतिक्रियेमुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, अशी त्यांची मांडणी होती. '67 टक्के' हे वाक्य वॉरफरिनबद्दल काहीच सांगत नाही, ते तिच्याबद्दल सांगतं. 'उद्या ही तीन आणि ही दोन' हे मात्र कामाबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशीचा गठ्ठा तसाच बनला: राहिलेली 3, अडकलेली 2, बाकी आलेल्यांतली आणि काही नवी. आलेली कार्डं एकदा आली म्हणून कायमची काढून टाकू नका. 2008 मध्ये कार्पिके आणि रोडिगर यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वाहिली भाषेतल्या शब्दांचे अर्थ पाठ केले. एकदा आलेला शब्द पुढे विचारणं बंद केलं त्यांना आठवड्याने निम्म्याहूनही कमी शब्द आठवले. आलेले शब्दही विचारत राहिले, त्यांना 80 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आलेलं कार्ड पुन्हा विचारण्यात वेळ फुकट जात नाही. शिवाय त्यामुळे रोजच्या बैठकीत बरोबर उत्तरांची भर पडते आणि आत्मविश्वास टिकतो. एकाच उपायात दोन गोष्टी साधतात.

हे सगळं करूनही काही रात्री बिनसणारच. बिनसण्याआधीची लक्षणं ठरलेली असतात, ती ओळखायला शिका. उत्तरं प्रश्नासारखी वर चढत संपायला लागतात: 'नॅलोक्झोन...?' ती कार्ड पूर्ण वाचून होण्याआधीच उत्तर देते. 'हे माहीत होतं मला' हे वाक्य वारंवार येतं. 'नीट वाच ना' असं तुमच्या वाचण्यावर येतं. 'किती राहिलीत?' असं विचारते. यातली दोन लक्षणं एका बैठकीत दिसली की थांबा, पण 'तू थकलीस' असं निदान करून नाही. 'माझं डोकं चालेना आता, उरलेली उद्या घेऊ,' असं स्वतःवर घेऊन थांबा. हे खोटंही नसतं, तुमचंही डोकं त्या वेळी चालत नसतंच. तिला मात्र कधीही 'बस' म्हणण्याचा हक्क असू द्या, आणि 'बस'ला कारण मागू नका. 'दोनच राहिलीत ग' ही विनवणी त्या दोन कार्डांपेक्षा जास्त नुकसान करते.

आणखी एक. बैठक घरातल्या दुसऱ्या कुठल्या वादाच्या लगेच मागे ठेवू नका, आणि बैठकीत दुसरा कुठलाही विषय आणू नका. परीक्षेची फी किती गेली, निकाल लागल्यावर काय करायचं, हे सगळं कार्डांपासून दूर. जोडीदाराला स्वतःलाही निकालाची काळजी असते आणि ती बहुतेक वेळा 'अभ्यास नीट कर' या रूपात बाहेर पडते. ती काळजी बोलायची असेल तर दिवसा, वेगळी वेळ काढून बोला.

भावाबद्दल विचारलंत. पद्धत तीच, पण धोका वेगळा आहे. बायकोच्या विषयातलं तुम्हाला काही कळत नाही, ते एका परीने तुमच्या पथ्यावर पडतं. भावाचा विषय तुम्हाला येत असेल, विशेषतः तीच परीक्षा तुम्ही आधी दिलेली असेल, तर विचारता विचारता तुम्ही शिकवायला लागाल. 'बघ, याचं लॉजिक असं आहे...' म्हणत दहा मिनिटं जातात, आठवायची वेळ संपते आणि भावाच्या मनात 'दादाला सगळं येतं, मला नाही' एवढंच उरतं. विचारणं आणि शिकवणं यांची बैठक वेगळी ठेवा. विचारताना त्याने मागितलं तरी स्पष्टीकरण देऊ नका. 'नंतर बघू' म्हणून कार्डाच्या कोपऱ्यावर खूण करा आणि नंतर खरंच बघा. 'आमच्या वेळी' आणि 'मला तर पहिल्यांदाच आलं होतं' ही वाक्यं दादांच्या तोंडी आपोआप येतात, म्हणून आधीच सावध करते आहे. धाकट्या भावाला जोडीदारासारखं 'बस' म्हणायला जमत नाही. तो उठून जाणार नाही, तो चुकीची उत्तरं देत बसेल किंवा फोनमध्ये बघेल. त्याच्यासाठी थांबण्याची वेळ घड्याळावर लावा, म्हणजे त्याला मागावी लागणार नाही.

त्याच्यासोबत आठवड्यातून एकदा उलटा खेळ खेळा. त्याने तुम्हाला अनोळखी विषयाची पाच कार्डं विचारावीत आणि तुम्ही उत्तरं द्यावीत. चौथ्या कार्डावर अडकल्यावर तो 'अरे सोपंय दादा' म्हणेल, तेव्हा ठेका वाजवणाऱ्या बोटांची गोष्ट तुम्हाला वाचून नाही, अंगावर येऊन कळेल. बायकोसोबतही हे चालतं, पण तिच्या विषयाचीच कार्डं असतील तर ती जिंकल्याचा आनंद लपवणार नाही, एवढी तयारी ठेवा.

आणि शेवटी, हे सगळं नीट केलं तरी तोंडी विचारणं दोघांना झेपतच नाही, अशी काही जोडपी असतात. त्यात कुणाचा दोष नसतो, काही लोकांना जवळच्या माणसासमोर चुकायची इतकी लाज वाटते की अनोळखी परीक्षक परवडतो. अशा वेळी आवाज काढून टाका. तुम्ही प्रश्न वाचा, तिने उत्तर वहीत लिहावं, तुम्ही बघायचं नाही. पंधरा प्रश्न झाले की बरोबर उत्तरं एकामागून एक वाचून दाखवा, तिचं तिने तपासावं आणि कार्डं स्वतःच गठ्ठ्यांत टाकावीत. तुमच्या हाती आलेल्या गठ्ठ्यांवरून तुम्हाला उद्याची कार्डं लावता येतात, कुठलं उत्तर काय चुकलं ते तुम्हाला कळतही नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तर मी याहूनही कमी सांगते: 'आलं'च्या गठ्ठ्यातली दहा कार्डं, तीही तिने मागितली तरच, आणि 'राहिलं'चा गठ्ठा रबर लावून कपाटात.